एकशे अठरातले अठरा

साबणाच्या वेष्टनावर किंवा बिस्किटांच्या पुड्यावर छापलेली किंमत बाहेरून एखाद्या एकत्र कुटुंबासारखी दिसते. दारावर एकच पाटी, त्यावर एकच आकडा, आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'सर्व करांसहित' असा खुलासा. आत कोण मूळचं, कोण मागाहून येऊन राहिलेलं, कोणाचा हिस्सा किती, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि त्याला विचारावंसंही वाटत नाही. आपण आकडा वाचतो, नोट देतो, सुटे घेतो आणि पिशवी सावरत घरी येतो. पण कधीतरी वाटणीची वेळ येते. कोणीतरी पक्कं बिल मागतं. मग त्या एका आकड्यातून मूळ किंमत एका बाजूला आणि कर दुसऱ्या बाजूला काढून दाखवावा लागतो. कर चढवताना जो हिशेब तिसरीतल्या पोरालाही जमावा, तोच उतरवताना भल्याभल्यांच्या बोटांत अडखळतो. एखादी गोष्ट करणं आणि तीच गोष्ट उलगडणं यांत पुष्कळदा जिन्याची एक पायरी कमी-जास्त असते. अंधारात ती पायाला कळते, तशी ही कॅल्क्युलेटरवर बोटाला कळायला हवी. ती कळत नाही, कारण बोटाखालचा आकडा प्रत्येक वेळी तितक्याच आत्मविश्वासाने उजळतो.

आमच्या पेठेत माझ्या एका मित्राचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, बटणं, वायरची भेंडोळी आणि अलीकडे दोन-चार टीव्ही. संध्याकाळी तिथे जाऊन बसावं असं त्या दुकानात काही नाही, आणि म्हणूनच मी तिथे जाऊन बसतो. गल्ल्यावर मित्र असतो, बिलं करायला त्याचा भाचा असतो, आणि आतल्या बाजूला, पंख्यांच्या खोक्यांना पाठ टेकून मित्राचे वडील, अप्पा, पेपर वाचत असतात. पेपर सकाळचाच असतो. फक्त तो सकाळी वाचून झालेला असतो.

एके दिवशी एका लॉजवाल्याने इस्त्री घेतली. किंमत अकराशे ऐंशी, करासकट, घासाघीस होऊन ठरलेली. पैसे दिल्यावर त्याने खिशातून आपला जीएसटी क्रमांक लिहिलेलं कार्ड काढलं आणि पक्कं बिल मागितलं. भाच्याने मोबाइलवर ११८० दाबले, वजा दाबलं, १८ दाबले, टक्क्याचं चिन्ह दाबलं. ९६७.६० आले. ही मूळ किंमत. उरलेले २१२.४० म्हणजे कर. त्याचे दोन समान भाग, १०६.२० केंद्राचे आणि १०६.२० राज्याचे. बेरीज केली तर बरोबर अकराशे ऐंशी. लॉजवाल्याने बेरीज तपासली, मित्राने तपासली, मीही उगाच मान वाकडी करून बघितली. सगळ्यांची बेरीज जुळली आणि इस्त्री लॉजवर गेली.

या चुकीची खरी गंमत, किंवा खरं तर खोडी, इथेच आहे. एरवीची चूक बेरजेत पकडली जाते. ही बेरजेत सापडत नाही, कारण मूळ किंमत चुकली की कर तितकाच उलट्या बाजूने चुकतो आणि दोघं मिळून पुन्हा ठरलेल्या रकमेवर येऊन उभे राहतात. वाटणी वाकडी झालेली असते, पण घर जागच्या जागी असतं. ही चूक पकडायची तर बेरीज करून भागत नाही. निघालेल्या मूळ किमतीवर कर पुन्हा चढवून बघावा लागतो. ९६७.६० वर अठरा टक्के म्हणजे १७४.१७, आणि एकूण ११४१.७७. अकराशे ऐंशीपर्यंत पोचायला अडतीस रुपये तेवीस पैसे कमी. किंवा बिलावरचा कर त्याच बिलावरच्या मूळ किमतीने भागून बघावा. २१२.४० भागिले ९६७.६०, म्हणजे जवळजवळ बावीस टक्के. बिलावर अठरा लिहिलेलं, आणि घेतलेले बावीस!

हे कोणाच्या लक्षात येणार? आलं ते महिनाअखेरीस, विवरणपत्र भरणाऱ्या बाईंच्या. जीएसटीआर-१ भरताना पोर्टलवर करपात्र किंमत आणि दर टाकला की कर तिथल्या तिथे मांडला जातो. त्यांनी ९६७.६० टाकले, अठराचा दर निवडला आणि पोर्टलने १७४.१७ दाखवले. बिलावर २१२.४०. त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मित्राने फोन ठेवला आणि गल्ल्याचा खण उघडून अडतीस रुपये शोधायला सुरुवात केली. मला त्याचं फार कौतुक वाटलं. जगातले कितीतरी अर्थतज्ज्ञ कागदावर हरवलेले पैसे कागदावरच शोधत बसतात. याने निदान खणात हात घालून बघितलं.

प्रकरण वेळीच सापडलं म्हणून बिल बदलून देता आलं. नाहीतर पुढचा गुंता निस्तरायला कठीण होता. गिऱ्हाइकाकडून कर म्हणून जे घेतलं ते सरकारला द्यावंच लागतं, मग ते चुकून जास्त का घेतलेलं असेना. म्हणजे दोनशे बारा रुपये चाळीस पैसे भरा, आणि आपल्याच मालाच्या किमतीतले बत्तीस रुपये चाळीस पैसे सोडून द्या. किंवा पोर्टलने सांगितले तेवढेच भरा, आणि मग लॉजवाल्याला त्याच्या बाजूला कराची जमा १७४.१७ इतकीच दिसणार, हातातल्या बिलावर मात्र २१२.४०. तो फोन करणारच. एका इस्त्रीवरून एवढे फोन झाले असते की तेवढ्या वेळात लॉजच्या सगळ्या चादरी इस्त्री करून झाल्या असत्या.

भाचा मात्र हिरमुसला होता. "मामा, अठरा टक्के चढवले होते, अठरा टक्केच काढले. चुकलं कुठे?" त्याचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. दहा पायऱ्या चढलेला माणूस दहाच पायऱ्या उतरतो. मग हजाराला अठरा टक्के लावून अकराशे ऐंशी झाले, तर अकराशे ऐंशीतून अठरा टक्के काढून हजार का होऊ नयेत? होत नाहीत, कारण टक्का कधी एकटा नसतो. तो कशाचा तरी असतो. चढताना तो हजाराचा होता, म्हणून एकशे ऐंशी झाला. उतरताना आपण त्याला अकराशे ऐंशीचा केला, म्हणून तो दोनशे बारा झाला. मधल्या काळात तो त्याच घरात राहून अंगाने भरला. कायद्याच्या नजरेत मात्र तो नेहमी मूळ किमतीचाच असतो. आपल्या हातात ती मूळ किंमत नसते, रस्सा आणि भाजी एकत्र झालेलं पातेलं असतं, आणि टक्का टांगायला जवळ दुसरी खुंटी नाही म्हणून आपण तो त्याच पातेल्याला टांगतो.

अप्पांनी पेपर खाली केला. "सवायकी येते का रे तुला?" त्यांनी भाच्याला विचारलं.

भाच्याला सवायकी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होती, पण येत नव्हती. अप्पांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे शाळेत पाठ करायला लागत. संध्याकाळी परवचा म्हणताना दिवेलागणीच्या अंधारात ते आकडे घरोघरी घुमत असत. हे मी ऐकलेलं आहे, म्हणजे ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. अप्पा म्हणाले, "एकाचा सव्वा करायचा तर किती घालायचं? पाव. आणि सव्वाचा एक करायचा तर किती काढायचं?"

"पाव," भाचा म्हणाला.

"कशाचा पाव? सव्वाचा पाव काढलास तर एकाच्या खाली जाशील. सव्वात पाव-पावाचे पाच तुकडे असतात. त्यातला एक काढायचा. म्हणजे पाचवा हिस्सा. घालताना चौथा, काढताना पाचवा." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्याकडे धान्य वाढीदिढीने द्यायचे. पेरणीला दोन पायली नेलेला सुगीला तीन आणून घाली. घालताना निम्मं, पण त्या तिनातलं सावकाराचं व्याज किती? तिसरा हिस्सा. तिनाचं निम्मं म्हणणारा कुणबी मी पाहिला नाही."

मला वाटतं त्या कुणब्याची चूक होत नसे, कारण त्याच्यापुढे पायली होती. आधी नेलेल्या दोन त्याच्या डोळ्यांपुढे होत्या आणि वाढलेली एक त्याच्या पाठीवर होती. आपल्यापुढे टक्का आहे, आणि टक्क्याला ना वजन, ना माप. पण नियम तोच. शंभरावर अठरा घातले की एकशे अठरा होतात. त्या एकशे अठरा तुकड्यांतले अठरा तुकडे कराचे आणि शंभर मूळ किमतीचे. म्हणून ११८० ला ११८ ने भागायचं, दहा येतात, शंभराने गुणायचं, हजार येतात. अठराने गुणायचं, एकशे ऐंशी येतात. अकराशे ऐंशीतला कर हा त्याच्या अठरा टक्के नसतो, सव्वापंधरा टक्क्यांच्या आसपास असतो, कारण एकशे अठरातले अठरा म्हणजे तेवढेच.

ही चूक वर्षानुवर्षं खपून का जाते, याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. त्याचं उत्तर एका साध्या वर्गात आहे. शंभरावर पाच टक्के चढवा आणि आलेल्या रकमेतून पाच टक्के उतरवा. नव्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे उरतात. पंचवीस पैसे कमी, म्हणजे पाचाच्या वर्गाइतके पैसे. अठराचं तसंच करा, तीन रुपये चोवीस पैसे कमी, आणि अठराचा वर्ग तीनशे चोवीस. अठ्ठावीसचं करा, सात रुपये चौऱ्याऐंशी पैसे कमी, अठ्ठावीसचा वर्ग सातशे चौऱ्याऐंशी. दर जसा वाढतो तशी चूक वाढत नाही, ती दराच्या वर्गाने वाढते. खानावळवाला पाच टक्क्यांच्या बिलावर हा उलटा हिशेब जन्मभर चुकीचा करू शकतो, शंभरामागे चार आणे इकडचे तिकडे होतात, आणि चार आणे तर आता चलनातही नाहीत. तोच माणूस अठरा टक्क्यांच्या मालाचं दुकान घालतो तेव्हा त्याची जुनी सवय एकदम उघडी पडते. पाच टक्क्यांनी सांभाळून घेतलेल्या माणसाला अठरा टक्के सांभाळून घेत नाहीत.

भाचा कष्टाळू आहे. पुन्हा असं व्हायला नको म्हणून त्याने संगणकावर एक तक्ता करायचं ठरवलं. पहिल्या रकान्यात करासकट रक्कम लिहायची, दुसऱ्यात मूळ किंमत आपोआप यायची. अप्पांचं ऐकून वजाबाकी सोडायची आणि भागायचं, इतकं त्याला पटलं होतं. शंभराला एक मानलं तर एकशे अठरा म्हणजे एक अधिक अठरा टक्के. त्याने तसंच लिहिलं:

```
=A2/1+18%
```

मूळ किंमत आली ११८०.१८. पुढच्या रकान्यात एकूणमधून मूळ किंमत वजा होऊन कर यायचा होता, तो आला उणे अठरा पैसे. म्हणजे इस्त्री विकल्याबद्दल दोन्ही सरकारांनी मिळून दुकानाला अठरा पैसे द्यायचे. मित्र म्हणाला, "हा तक्ता राहू दे, मला आवडला."

संगणकाचं यात काही चुकलं नव्हतं. तो शाळेत शिकवलेल्या क्रमानेच चालतो. आमच्या गुरुजींनी हा क्रम 'कंचेभागुबेव' अशा एका राक्षसाच्या नावासारख्या शब्दात बांधून दिला होता: आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. त्या क्रमाने संगणकाने आधी अकराशे ऐंशीला एकाने भागलं. एकाने भागल्यावर काय होणार, जे होतं तेच राहिलं. मग त्यात अठरा टक्के, म्हणजे शून्य दशांश अठरा, मिळवले. त्या अठरा टक्क्यांना 'कशाचे' हे कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून बिचारे कशाचेच न होता अठरा पैसे होऊन बसले. हवा होता तो कंस. भागण्याआधी एक आणि अठरा टक्के एकत्र यायला हवेत, हे सांगणारे दोन वाकडे हात:

```
=A2/(1+18%)
```

मामा-भाच्याच्या दुकानात सगळं अडलं होतं ते कंसापाशी, हे माझ्या मनात आलं, पण मी बोललो नाही. मित्राने ती कोटी चहा येईपर्यंत चघळली असती.

हजार आले तेव्हा भाच्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात त्याला नवी शंका आली. बिलावर अठरा टक्के एकत्र नसतात. नऊ केंद्राचे, नऊ राज्याचे. मग एकदा १.०९ ने भागून केंद्राचा हिस्सा काढायचा आणि उरलेल्या रकमेला पुन्हा १.०९ ने भागून राज्याचा काढायचा का? त्याने केलं. ९९३.१८ आले. चूक आता लहान झाली होती, सात रुपयांवर आली होती, आणि लहान चुका जास्त गोंडस दिसतात. दोनदा भागण्याचा अर्थ असा की राज्याने आपले नऊ टक्के मूळ किमतीवर घेतले आणि केंद्राने आपले नऊ टक्के मूळ किमतीवर आणि शिवाय राज्याच्या करावरही घेतले. करावर कर. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तो कराच्या अंगावर कर बसू नये म्हणून, आणि आमच्या दुकानात तो एका भागाकाराने पुन्हा आत शिरत होता. दोन्ही नऊ एकाच मूळ किमतीवर शेजारी शेजारी बसतात, एकमेकांच्या खांद्यावर नाही.

कायदा करणाऱ्यांना हे सगळे मामा-भाचे आधीच दिसले असावेत. केंद्रीय जीएसटीच्या २०१७ च्या नियमांत पस्तिसावा नियम फक्त याच कामासाठी आहे. करासकट रकमेतून कर कसा काढायचा, तर त्या रकमेला त्या कराच्या दराने गुणायचं आणि शंभर अधिक सगळ्या दरांची बेरीज यांनी भागायचं. वर स्वतःचा दर एकट्याचा, खाली सगळ्या कुटुंबाचा. म्हणजे केंद्राचा कर ११८० गुणिले ९ भागिले ११८, नव्वद रुपये. राज्याचेही नव्वद. खाली १०९ लिहिलं तर सत्त्याण्णव रुपये त्रेचाळीस पैसे येतात, आणि वाटणीत दोघंही भाऊ दुसऱ्याला न मोजता आपला हिस्सा काढून बसतात. सरकारी भाषेतल्या त्या 'दरांची बेरीज' या शब्दांकडे मी नंतर जरा आदराने पाहिलं. रुक्ष कलमांच्या गर्दीत ते दोन शब्द एखाद्या वडीलधाऱ्यासारखे सगळ्यांना धरून बसले आहेत.

एवढं झाल्यावर हिशेब सुतासारखा सरळ व्हायला हवा होता. पण पाचशे रुपये आडवे आले. कोणीतरी करासकट पाचशेला पंखा दुरुस्तीचं सामान नेलं. तक्त्याने मूळ किंमत दिली ४२३.७३. त्यावर नऊ टक्के म्हणजे अडतीस रुपये तेरा पैसे आणि वर थोडं, अर्ध्या पैशाहून अधिक. पैशात बसवलं तर ३८.१४. केंद्राचे ३८.१४, राज्याचे ३८.१४, आणि एकूण पाचशे रुपये एक पैसा. भाच्याने मूळ किंमत एक पैशाने कमी केली. आता दोन्हीकडे ३८.१३ आणि एकूण ४९९.९८. वर एक पैसा जास्त, खाली दोन पैसे कमी, मध्ये पाचशे कुठेच नाहीत! कर दोन भागांत कापून प्रत्येक भाग पैशाला पूर्ण करायचा असेल, तर अठरा टक्क्यांच्या दराने बरोबर पाचशे रुपये होणारी मूळ किंमत अस्तित्वातच नाही. आपण एवढ्या सहजपणे पाचशेची नोट काढून देतो, आणि त्या बिचारीला बिलात उभं राहायला जागा नसते.

याहून मौज पुढे आहे. तेच सामान पार्सलने पणजीला पाठवलं, तर माल राज्याबाहेर गेल्यामुळे कर दोन तुकड्यांत न लागता एकसंध अठरा टक्के लागतो. ४२३.७३ वर अठरा टक्के म्हणजे ७६.२७. बेरीज पाचशे रुपये शून्य पैसे, काटेकोर. म्हणजे जे पाचशे रुपये महाराष्ट्रात होत नाहीत ते गोव्यात होतात. माणसांच्या बाबतीत हे मी पूर्वीपासून पाहत आलो आहे, काही माणसं बांदा ओलांडल्याशिवाय पूर्ण मोकळी होत नाहीत. पण पाचशेच्या नोटेचंही तसंच असेल असं वाटलं नव्हतं. इथे गैरसमज मात्र नको. हा एक पैसा सूत्र चुकल्याचा नाही, तुकडे पूर्ण करताना उडालेल्या भुशाचा आहे, आणि त्यासाठी बिलाच्या तळाशी 'राउंड ऑफ' नावाचा एक सोशिक रकाना असतो. खरी पंचाईत अशी की हा रकाना फार मनमिळाऊ आहे. त्याच्यात एक पैसा लपतो तसे बत्तीस रुपयेही लपतात. तिथे रुपयाहून मोठा आकडा दिसला, तर तो भुसा नसून ओंडका आहे असं समजावं.

मग २२ सप्टेंबर २०२५ आला आणि साऱ्या देशाला उलटा हिशेब करायची वेळ आली. करांचे दर बदलले. बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर अठ्ठावीस टक्के होते ते अठरा झाले. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल अठरावरून पाचावर आले. वर्तमानपत्रं दहा टक्के कमी, तेरा टक्के कमी म्हणून सांगत होती, आणि ते खरंच होतं. पण ते मूळ किमतीचे दहा आणि तेरा होते. गिऱ्हाईक त्यांना छापील किमतीला लावत होतं. एकोणसाठ रुपयांच्या साबणात मूळ किंमत पन्नास. नवी किंमत साडेबावन्न. साडेसहा रुपये उतरले, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने अकरा टक्के. "बाकीचे दोन टक्के कुठे गेले?" असं त्या आठवड्यात वाण्याला किती वेळा ऐकावं लागलं असेल.

आमच्या दुकानात हे नाट्य टीव्हीवरून घडलं. जुनी किंमत पंचवीस हजार सहाशे. एक निवृत्त गृहस्थ कागदावर हिशेब मांडूनच आले होते. दहा टक्के कमी, म्हणजे दोन हजार पाचशे साठ कमी, तेवीस हजार चाळीस द्या. मित्राने सांगितलं, "काका, मूळ किंमत वीस हजार. आधी त्यावर छप्पन्नशे कर होता, आता छत्तीसशे. दोन हजार उतरले. तेवीस हजार सहाशे होतात." काकांनी कागद पुढे केला. मित्राने तक्ता पुढे केला. काका म्हणाले, "सरकारने मला दहा टक्के दिलेत. त्यातले पाचशे साठ तुम्ही मध्येच ठेवताय." भाचा एकशे अठ्ठावीसातले दहा म्हणजे सात पूर्णांक एक्क्याऐंशी शतांश टक्के, असं समजावायला लागला. काका त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती माणूस भोंदू बाबाकडे पाहतो तशी होती. शेवटी अप्पा आतून म्हणाले, "द्या त्यांना. जुने गिऱ्हाईक आहेत. पाचशे साठ आपले गेले असं समजू, हिशेब गेला असं समजू नका."

टीव्ही तेवीस हजार चाळीसला ठरला. एका चुकीच्या हिशेबातून जन्मलेला आकडा, पण एकदा दोघांनी मान्य केल्यावर तो किंमत झाला, आणि त्याची वाटणी मात्र बरोबरच व्हायला हवी. भाच्याने तो तक्त्यात टाकला. मूळ किंमत १९,५२५.४२, केंद्राचे १७५७.२९, राज्याचे १७५७.२९, बेरीज तेवीस हजार चाळीस रुपये शून्य पैसे. राउंड ऑफला काहीच काम उरलं नाही. काकांनी चष्मा वर करून बिल सावकाश वाचलं, बोट मूळ किमतीवर ठेवलं आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. पण मघाशी तर वीस हजार म्हणत होतात. हे बेचाळीस पैसे कोणी लावले?"